लाल थराखालचा खडा

मी सूड उगवला आणि तो मला गोड लागला, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाई फार साळसूद दिसत होत्या.

नांदेडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या वर्गात आम्ही दोनच मुली होतो. दुसरीचं लग्न ठरलं आणि मी एकटी उरले. शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला आणि त्यातल्या तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक परीक्षक आले होते. मोठं नाव, पांढरा सफारी, टेबलावर हिरवट शाईचं पेन. त्यांनी लाल मातीच्या दगडाचा एक तुकडा माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "आपला ज्वालामुखी फुटला, की वाहिला?"

मी म्हणाले, "वाहिला, सर."

"मग काही ज्वालामुखी फुटतात ते का?"

पुस्तकातलं उत्तर मला येत होतं. पण त्या दिवशी सकाळी खोलीवर पिठलं करताना हातावर फोड आला होता आणि तो ठणकत होता, म्हणून तेच तोंडात आलं. मी सांगितलं, कढी पातळ असते, तिच्यातली वाफ बुडबुड्यांनी वर येते आणि गुपचूप निघून जाते. पिठलं घट्ट असतं, वाफेला वाट मिळत नाही, ती खाली दबून राहते आणि मग एकदम उसळून हात भाजते. शिलारसाचंही तसंच. त्यात सिलिका जास्त असली की तो चिकट होतो, विरघळलेला वायू अडकून राहतो. वर येताना दाब कमी झाला की तो वायू फुगतो आणि रसाच्या चिंधड्या उडवतो, त्याची राख होते. आपल्याकडचा रस सिलिका कमी असलेला, फार तापलेला, पातळ. वायू सहज सुटला, म्हणून तो भेगांतून निघून मैलोन् मैल पसरत गेला.

बाकीचे दोन परीक्षक हसले, पण चांगलं हसले. सफारीवाले हसले नाहीत. आपल्या काळ्या लाव्ह्याच्या थरांमध्ये सापडणारे हे लाल थर म्हणजे स्फोटातली राख आहे, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यावर त्यांनी एक पुस्तिकाही छापली होती, हे मला ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "मग हा लाल थर कुठून आला?"

"लाव्ह्याच्या एका थरानंतर दुसरा थर यायला फार काळ गेला, सर. मधल्या काळात खालच्या थराचा माथा कुजून माती झाली. वरून पुढचा रस आला आणि ती भाजून निघाली. एखाद्या ठिकाणी राख असेलही. पण सगळीकडे नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मुली, ही प्रयोगशाळा आहे, चूल नाही. जिला चूल सुटत नाही तिनं चुलीपाशीच राहावं."

प्रात्यक्षिकात मी चार गुणांनी नापास झाले. लोह्याहून वडील आले, गुणपत्रिका बघितली आणि म्हणाले, "बास झालं आता शिकनं. पाव्हने येऊन राह्यलेत, त्येंना हो म्हनतो." मी तीन दिवस जेवले नाही, तेव्हा कुठे एक वर्ष वाढवून मिळालं. पुढच्या वर्षी परीक्षक दुसरे आले आणि मी वर्गात पहिली आले. ते वाया गेलेलं वर्ष मात्र मी विसरले नाही. त्या पांढऱ्या सफारीचं तोंड रोज भांडी घासताना राखेत दिसायचं आणि मी जरा जोरात घासायचे.

पुढे भूजलाच्या कामावर मला लातूरला नेमलं. जिल्हा नवा होता. कचेरीत खुर्च्या कमी, नकाशे अजून उस्मानाबादचेच. त्यात दुष्काळ पडला. औशाच्या बाजूच्या एका गावात पिण्याचं पाणी संपलं होतं. गावाबाहेर एक जुना आड होता, त्याच्या भिंतीत पाय ठेवायला खोबण्या होत्या. बायका त्यांतून तळाशी उतरून वाटीनं पाणी खरवडायच्या. टँकर यायचा तो चार दिवसांनी, तोही अर्धा.

त्या गावात बोअर घ्यायचं ठरलं आणि जिल्हाधिकारी साहेबांनी सल्ल्याला एक तज्ज्ञ बोलावले. जीपमधून पांढरा सफारी उतरला. तोच. केस पिकले होते, पेन तेच होतं. मी नमस्कार केला. त्यांनी मला ओळखलं नाही. वर म्हणाले, "बाई, नमुने नीट पिशव्यांत भरा, चिठ्ठ्या लावा." चिठ्ठ्या लावायलाच जणू मला ठेवलं होतं. मी जी सर, जी सर करत चिठ्ठ्या लावल्या.

सकाळी यंत्र सुरू झालं. दर दहा फुटांना हवेच्या जोरानं जो चुरा वर यायचा, त्याची एकेक ढिगली मी गोणपाटावर ओळीनं मांडत होते. वर मुरूम, मग काळा घट्ट दगड, लोखंडासारखा. लाव्ह्याच्या थराचा मधला भाग असाच असतो. तो सावकाश थंड होतो, त्यात बुडबुडे राहत नाहीत आणि भेगा नसल्या तर पाणीही नाही. काळ्यामागून काळं येत राहिलं. गावकरी उन्हात बसून होते. एक म्हातारी होती, तिचं घर बोअरच्या जागेच्या अगदी शेजारी. तिनं मला सावलीत पोतं अंथरून दिलं, ज्वारीची भाकर आणि ठेचा दिला. पाणी मागितलं तर तांब्यात दोन घोट दिले, आणि ते दोन घोट कुठून आले ते मला माहीत होतं.

दुपारी एकदम लाल चिखल वर आला. यंत्र गुदमरलं, चुरा चिकटू लागला, यंत्रवाला म्हणाला की भोक ढासळून राह्यलंय. सरांनी लाल चिखल बोटांत चोळला आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांची राख सापडली होती.

"राख आहे ही," ते जिल्हाधिकारी साहेबांना म्हणाले. "म्हणजे स्फोट झाला. म्हणजे ज्वालामुखीचं मुख जवळ आहे. आता खाली राखच राख, भिजून चिकणमाती झालेली. पाणी सुटणार नाही. थांबवा."

मी शेवटच्या ढिगलीपाशी उकिडवी बसले होते. लाल चिखलात हरभऱ्याएवढा एक खडा चमकला. मी तो पुसला. जांभळट, भोकाभोकांचा, काही भोकांत पांढरं खनिज भरलेलं. लाल थर संपला होता आणि खालच्या थराचा माथा लागला होता. पातळ रस वाहत येतो तेव्हा वायूचे बुडबुडे वर चढतात, शेवटचे निसटायच्या आत माथा गोठतो आणि त्यांची भोकं राहून जातात. इतकी भोकं म्हणजे माथ्याचाच दगड. आमच्या भागात पाणी सापडायचं तर बहुतेक अशाच झिजलेल्या, भेगाळलेल्या माथ्यात सापडतं. लाल मातीला लोखंडी पाइपचा आधार दिला आणि अजून तीस-चाळीस फूट गेलो, तर गावाला पाणी मिळायची मोठी आशा होती.

तो खडा सरांपुढे धरायला मला उठून पाच पावलं चालायची होती. मी उठले नाही. मी तो खडा पदराच्या गाठीत बांधला.

कारण नुसतं बोलले असते तर त्यांनी मला उडवून लावलं असतं, किंवा माझं म्हणणं त्यांचंच करून टाकलं असतं. मला ते लेखी हवं होतं. त्यांनी त्या हिरवट शाईनं लिहून सही करावी, की इथे स्फोट झाला आणि इथे पाणी नाही. त्यांनी लिहिलं. दोन पानं लिहिली, शेवटी आपल्या पुस्तिकेचा दाखला दिला. यंत्र दुसऱ्या गावाला गेलं. परतताना जीपमध्ये मला हसू आवरत नव्हतं, म्हणून मी तोंडावर पदर धरला. लोकांना वाटलं धूळ लागते.

मग मी थांबले. त्यांचा अहवाल कचेरीत दाखल होऊन त्यावर शिक्का पडेपर्यंत थांबले. नऊ दिवस. दहाव्या दिवशी मी माझं टिपण ठेवलं आणि त्याच भोकात पाइप घालून पुढे जाण्याची परवानगी मागितली. जिल्हाधिकारी तरुण होते, म्हणाले, करून बघा. सरांनाही बोलवा, एवढंच मी सुचवलं.

बाराव्या दिवशी यंत्र परत आलं, पाइप बसला. लाल माती मागे पडली. तिथून पस्तीस फुटांवर आधी ओला चुरा आला, मग हवेसरशी पाण्याचा लोट उसळला आणि सरांचा सफारी चिखलानं माखला. बायका घागरी घेऊन धावल्या. जिल्हाधिकारी साहेबांच्या हातात तो अहवाल होता. त्यांनी त्याचं शेवटचं पान उलटलं आणि सरांकडे बघितलं.

मी पुढे गेले, सगळ्यांच्या देखत, आणि अगदी अदबीनं विचारलं, "सर, आपला ज्वालामुखी फुटला, की वाहिला?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. मग ओठ हलले. "पिठलं," ते हळूच म्हणाले.

"जी सर. चुलीपाशीचीच मी."

त्यांना पुन्हा कुणी सल्ल्याला बोलावलं नाही. पुढे ऐकलं की ती पुस्तिकाही ते कुणाला देईनासे झाले. बरं झालं. मला आजही बरंच वाटतं.

पण त्या दिवशी घागरींच्या गर्दीत ती म्हातारी दिसली नाही. घर अगदी शेजारी असून आली नाही, म्हणून मी आत गेले. ती बाजेवर पडून होती, मांडीपासून पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या.

"आडात उतरताना पाय सटकला," ती म्हणाली. "चार दिस झाले. वैद्य म्हनला, आता चालनं न्हाई व्हायाचं."

चार दिवस. म्हणजे मी थांबले होते त्यातला आठवा दिवस. मी हिशोब करायचा नाही म्हटलं तरी तो होऊन गेला.

"पानी लागलं म्हने लई," ती म्हणाली. "आवाज आला मला हितवर. बाई, एक इचारू? त्या दिशी तुमी चिखलातून एक खडा उचललात आन् पदराला बांधलात. म्या पायलं. बाकी कुनी पायलं न्हाई."

मी बाजेच्या काठाशी बसले.

"म्या तवाच वळखलं, ह्या बाईनं नवसाचा देव बांधला. पानी लागंस्तोवर सोडायच्या न्हाईत. लई जीव लावलात बाई आमच्या गावाला. हाय का तो? द्या की हातात, पाया पडते."

लुगडं बदललं तरी खडा मी रोज नव्या पदराला बांधत आले होते, गाठ आजही पदरातच होती. मी ती सोडली. खडा तिच्या तळहातावर ठेवला. पडल्या पडल्या तिनं तो दोन्ही डोळ्यांना लावला, मग कपाळाला लावला, आणि परत देताना माझा हात धरून ठेवला. मी तो सोडवून घेतला नाही. खरंही सांगितलं नाही.