वरच्या खोलीचा पॉइंट

फोनवर दर सांगायचा नाही, हा टेपवाल्यांचा हट्ट होता. गळ्यात मोजपट्टी अडकवून फिरणारा हा वायरमन कुणी नुसतं "किती होतील हो?" विचारलं की उखडायचा. "घर बघितल्याशिवाय कसं सांगू? मी काय ज्योतिषी आहे?" असं फटकारून लगेच "येतो उद्या," म्हणायचा. लग्नाला गेले तरी छताकडे बघून दिव्या-पंख्यांचे पॉइंट मोजत बसतात, अशी बायकोची तक्रार होती आणि ती शंभर टक्के खरी होती.

त्या दिवशी ते एका निवृत्त नर्सबाईंच्या दुमजली घरी गेले. वायरिंग चाळीस वर्षांचं. एक बोर्ड उघडला तर वायरवरचं रबर बोट लागताच चुरा होऊन खाली पडलं. बाईंची मुलगी दारातच उभी होती. वडील गेल्यावर घर विकायचं की नाही यावरून मायलेकींचं वाजलं होतं, आणि तेव्हापासून लेक दिवसा यायची, दिवे लागायच्या आत निघून जायची. आज तिने शेवटचं सांगितलं होतं, वायरिंग नीट होणार असेल तर आईने इथे राहावं, नाहीतर घर विकून तिच्याकडे यावं. आईपाशी अडतीस हजार होते, आणि लेकीकडून एक पैसा घ्यायला ती तयार नव्हती.

"मी मापं काढून ठेवलीत," लेक कागद पुढे करत म्हणाली. "अडतीसात आरामात बसतं."

टेपवाल्यांनी कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. "ताई, तुम्ही भिंतीची लांबी धरलीत. वायर बटणापासून वर चढते, छतावरून जाते, पुन्हा दिव्यापाशी उतरते. आणि एकटी जात नाही. प्लगला तर फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग, तिघी बरोबर जातात."

मग त्यांनी स्वतः घर पालथं घातलं. खाली अठरा पॉइंट, वर दहा. पॉइंटला पाचशे मजुरी, म्हणजे चौदा हजार. वायर चौदा हजारांची. बटणं, प्लग, बोर्ड, पाइप मिळून पंधरा. मेन बोर्ड आणि शॉक लागताच लाइन तोडणारा स्विच, आठ. एकूण एक्कावन्न हजार.

बाईंचा चेहरा उतरला. लेक चहा टाकायला आत गेली.

टेपवाल्यांना राहवेना. "वर कुणी राहतं का?"

"नाही."

"मग वरची जुनी लाइन बोर्डातूनच कायमची तोडू. दहा पॉइंट गेले की चौदा हजार कमी. सदतीस झाले. राहा खुशाल!"

आता बाई हसतील असं त्यांना वाटलं. पण बाई जिन्याकडे बघत राहिल्या. "वर डाव्या हाताच्या खोलीत एक दिवा राहू द्या ना."

"एका दिव्यासाठी खालून लाइन चढवावी लागेल. एकट्या पॉइंटला अडीच हजार पडतील. साडेएकोणचाळीस होतात. दीड हजार जास्त."

"मग ती हिरवी वायर काढा."

"अर्थिंग?" टेपवाल्यांचा आवाज चढला. "बाई, शॉकपासून वाचवणारी वायर ती. काढायची असेल तर दुसरा वायरमन बघा!"

बाई हळूच म्हणाल्या, "माझ्या उशाशी दिव्याचं दुसरं बटण धरलंय ना तुम्ही? ते काढलं तर?"

"दीड हजार वाचतील. पण दिवा मालवून दारापासून पलंगापर्यंत अंधारात चालत जाल? या वयात?"

"जाईन की. पायाखालचं घर आहे. लेकीच्या त्या वरच्या खोलीत मात्र दिवा हवा. कधी राहायला आली, तर अंधार बघून परत जायला नको."

टेपवाल्यांनी उगाच मोजपट्टी ओढली आणि सोडली. एवढ्या वर्षांत पॉइंट कमी करणारी माणसं त्यांनी ढिगाने पाहिली होती, पण स्वतःचा उजेड काढून दुसऱ्याच्या खोलीत लावणारं कुणी भेटलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारात लेक उभी होती. हातातला ट्रे कलला होता आणि चहा बशीत सांडत होता.

"दोन्ही ठेवा," ती म्हणाली. "वरच्या दिव्याचे पैसे मी देणार."

"तुझे पैसे नकोत म्हटलं ना," बाई म्हणाल्या.

"खोली माझी, दिवा माझा. मी शनिवार-रविवार इथे राहणार असेन, तर त्याचं तू कशाला द्यायचं?"

बाईंनी लेकीकडे पाहिलंच नाही. पदराने डोळे टिपले आणि एकेका बटणासाठी घासाघीस करणारी ती माऊली टेपवाल्यांकडे वळून घाईघाईने म्हणाली, "मग वर पंख्याचाही पॉइंट धरा हो. तिला फार उकडतं."