बेशुद्ध माणूस चालला कसा?

अफझलगंजच्या आमच्या भाषांतर कार्यालयात माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक यादी चिकटवलेली आहे. अरबीतून इंग्रजी करताना पाळायचे अकरा नियम, सगळे मीच लिहिलेले. पहिला: मूळ मजकूर ओळीओळींत तोडा, एका ओळीत एकच गोष्ट, ओळींना क्रमांक द्या. तिसरा: वाक्यात क्रियापद नसेल तर 'इज' घाला. अरबीत वर्तमानकाळाचं 'आहे' नसतंच. 'रुग्ण शुद्धीत', 'प्रकृती स्थिर' एवढ्यावर वाक्य पुरं होतं. इंग्रजीला मात्र 'इज'शिवाय चालत नाही.

त्या सकाळी साडेअकराला अंबरपेठची एक बाई धापा टाकत जिना चढून आली. आखातात ड्रायव्हर असलेला तिचा नवरा ट्रकवरून पडला होता. तिथल्या इस्पितळाच्या अरबी अहवालाचं इंग्रजी मी दोन दिवसांपूर्वी शिक्का मारून दिलं होतं. ते वाचून विमान कंपनी आता त्याला घरी आणायला साधी सीट द्यायला तयार नव्हती.

"मॅडम, सीटु कॅन्सल चेस्तारंटा!" सीट रद्द करणार म्हणे. "बेशुद्ध माणूस आहे, स्ट्रेचर आणि सोबत डॉक्टर हवा म्हणतात. दोनपर्यंत उत्तर द्यायचंय. आणि बेशुद्ध कुठले, काल फोनवर माझ्याशी भांडले की!"

विमान उद्याचं होतं. मी अहवाल आणि क्रमांक दिलेल्या ओळींचा माझा तक्ता शेजारी शेजारी ठेवला. चौथ्या ओळीत माझं इंग्रजी: तो बेशुद्ध आहे. नियमाप्रमाणे 'इज' घातलेलं. चूक कुठे, ते मला दिसेना.

आमचे मौलवीसाहेब सत्तरीचे, माझं प्रत्येक काम तपासणारे. ते काम गेलं तेव्हा ते रजेवर होते आणि मी त्यांच्यासाठी थांबले नव्हते. आता त्यांनी चष्मा पुसला, माझ्या तक्त्यावरून बोट फिरवलं आणि हसायलाच लागले.

"आपा, चौथी लकीर में बेहोश, नव्वी में सहारे से चल रा कते! ये बेहोश आदमी चला कैसा?"

मी पान उलटलं. नववी ओळ दुसऱ्या पानावर होती. आधार घेऊन चालतो, असं मीच लिहिलं होतं.

मौलवीसाहेबांनी तक्ता बाजूला सारला, मूळ कागद उचलला आणि मोठ्यानं, न थांबता वाचला. त्याला तातडीच्या विभागात आणलं गेलं, आणि तो बेशुद्ध, आणि त्याचा रक्तदाब कमी. सगळं एका दमात.

"आप सांस काट दिए, आपा. पूरा जुमला एक सांस का है." अख्खं वाक्य एका श्वासाचं.

आता चूक दिसली. 'आणि तो बेशुद्ध' हे स्वतंत्र वाक्य नव्हतंच! ते 'आणलं गेलं'ला चिकटलेलं होतं आणि आपला काळ त्याच्याकडूनच घेत होतं. आणलं तेव्हा बेशुद्ध. मी ते तोडून वेगळ्या ओळीत बसवलं, तिथे त्याला क्रियापद सापडेना, म्हणून तिसऱ्या नियमानं त्याला आजचा काळ चिकटवला. पहिला नियम आणि तिसरा, दोघांनी मिळून एका चालत्या माणसाला झोपवलं होतं.

"चूक माझी आहे," मी बाईला सांगितलं. "बसा. तासाभरात सुधारून देते."

ती बसली नाही. खिडकीशी उभी राहून घड्याळ बघत राहिली.

मी तक्ता फाडला. मूळ अहवालातली बिनक्रियापदाची वाक्यं लाल पेन्सिलीनं अधोरेखित केली, आठ निघाली. प्रत्येकापुढे एकच प्रश्न: याचा काळ कुठून आला? 'जखम कोरडी', 'प्रकृती स्थिर' ही आपल्या पायांवर उभी होती, अहवाल लिहिल्या दिवशीची, तिथे 'इज' बरोबर. अशी सहा. उरलेली दोन, बेशुद्धीचं आणि रक्तदाबाचं, पुन्हा 'आणलं गेलं'ला जोडली. इंग्रजीत ती अशी बसली की दोघांना वेगळं क्रियापदही लागलं नाही: ही वॉज ब्रॉट इन अनकॉन्शस, विथ लो ब्लड प्रेशर. इतकं सोपं! मी खुर्चीतून उठलेच. या वेळी मौलवीसाहेबांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तपासलं.

"हौ," ते म्हणाले, "अब जिंदा है बिचारा."

नवा शिक्का, नवी सही. सोबत विमान कंपनीला पत्र, आधीच्या भाषांतरातली चूक आमची, रुग्णालयाची नव्हे. एक वाजून वीस मिनिटांनी ईमेल गेला. दोनला पाच कमी असताना उत्तर आलं: सीट कायम, विमानतळावर व्हीलचेअर मिळेल. बाईनं मौलवीसाहेबांचे हात धरले आणि ती रडली. ते बिचारे लाजून लाल झाले.

मी खुर्चीवर चढून भिंतीवरच्या यादीतला पहिला नियम खोडला. तिथे लिहिलं: तोडण्याआधी पूर्ण वाक्य मोठ्यानं वाचा. तिसऱ्यापुढे लिहिलं: आधी काळ शोधा.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. मागे कुणीतरी चहात साखर कमी पडल्याबद्दल कुरकुरत होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "मा आयन इक्कडे."

माझा नवरा इथेच. तेलुगूतही क्रियापद नाही. मौलवीसाहेबांना सांगायला मी फोन हातात घेऊनच पलीकडच्या खोलीत धावले.