रेवतीची फी आणि चुकलेला रकाना

"ताई, बठ्ठा पैसा परत उना?"

शिरपूरचे आबा काउंटर धरून उभे होते. सगळा पैसा खरंच परत आला होता; मी स्क्रीनकडेच बघत राहिले. त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना.

धुळ्याच्या आमच्या बँकेत परदेशी व्यवहार मी बघते. आबांची लेक रेवती आयर्लंडला एमएस्सी करते. तिची फी आठ दिवसांपूर्वी मीच पाठवली होती. आज शेवटची तारीख, आणि सकाळी स्विफ्टवर, म्हणजे बँकांच्या आपसातल्या निरोपांच्या यंत्रणेवर, निरोप आला: खातं आणि नाव जुळत नाही, रक्कम परत.

जुना फॉर्म काढला. खाते क्रमांक युनिव्हर्सिटीचा, अगदी बरोबर. पण 'पैसे कोणाला' या रकान्यात ठळक अक्षरांत रेवतीचं पूर्ण नाव! बालवाडीपासून आबांनी तिच्या प्रत्येक फॉर्मवर तेच लिहिलेलं. खाली माझी सही. मी क्रमांक आकडा आकडा तपासला होता, नाव वाचलंच नव्हतं.

रेवतीचा फोन आला. आवाज रडवेला. "मॅडम, इथं पाचला मुदत संपते. आधीची स्विफ्ट कॉपी दाखवून मी आठवडा वाढवून घेतला होता. आता रजिस्ट्रेशन रद्द झालं तर व्हिसाही जाईल."

"रडू नकोस. फी ऑफिसला आत्ताच मेल टाक, चूक बँकेची आहे म्हण."

मॅनेजरसाहेब तडकले. "बँकेची? कोणी सांगितलं?"

"मी. सही माझी आहे, सर."

त्यांनी चूक मान्य करणारं पत्र द्यायला होकार दिला. आमचे चार्जेस माफ करायलाही मान हलवली.

परत आलेले युरो रुपये होऊन आबांच्या खात्यात पडले, पण मधल्या बँकेची कात्री आणि दरातला फरक लागून. आबांनी छोटी एफडी मोडली. नवा ए-टू फॉर्म, म्हणजे पैसा देशाबाहेर कशासाठी जातोय याचं डिक्लेरेशन, मी पुढ्यात ठेवला. मुंबईचा फॉरेक्स सेल, म्हणजे आमचा परदेशी चलनाचा विभाग, दोनपर्यंतच व्यवहार घेतो. घड्याळात सव्वा वाजलेला.

आबांचा पेन थांबला. "मंग तिनं नाव कोठे लिखानं?"

"तिचं नाव इथं खाली, स्टुडंट नंबरासोबत. वर युनिव्हर्सिटीचं."

मधल्या बँकांचे सगळे चार्जेस पाठवणाऱ्यावर टाकले, नाहीतर वाटेत कापाकापी होऊन फी पुन्हा कमी पोचली असती. दोनला पाच कमी असताना व्यवहार सुटला. पैसे आज पोचणार नव्हतेच; पुरावा पोचायला हवा होता. तासाभराने आलेली नवी स्विफ्ट कॉपी आणि बँकेचं पत्र रेवतीला पाठवलं. मग वाट बघणं. चहा गार झाला. आबा बाकावरून हलले नाहीत.

आपल्या साडेपाचला, तिकडे अजून दुपारच होती, मेसेज आला: मान्य. पैसे येईपर्यंत रजिस्ट्रेशन चालू. आबांनी डोळे पुसले. मीही.

तिसऱ्या दिवशी आबा मोबाईलवर फीची पावती घेऊन आले. "हाई देखा ताई, तिनं नाव शे!"

मी आधी वरचा रकाना वाचला.