तवाबाई आणि परिच्छेदातलं दुसरं वाक्य

भाजीबाजारात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला टोपणनाव चिकटल्याशिवाय राहत नाही. तिला सगळे तवाबाई म्हणत. पालेभाजी निवडणाऱ्या बायकांच्या रांगेत, तिसऱ्या खांबाला टेकून ती बसायची. समोर पालकाचा ढीग, उजवीकडे चांगल्या जुड्या, डावीकडे पिवळं-काळं पडलेलं फेकायचं. आणि मांडीशेजारी गार पाण्याची इनॅमलची परात. परातीची कड एके ठिकाणी उडालेली होती, तिथं तिचा अंगठा बरोबर बसायचा.

परात आली ती नाव पडल्यानंतर. पहिल्याच वर्षी तिनं निवडलेल्या मालात अडत्याला सकाळच्या सकाळी पिवळी पानं सापडली. माल त्याच्या गाळ्यावरचा, गिऱ्हाईक समोर उभं, खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडायला हवं होतं. त्यानं तिचं मनगट धरलं आणि हात उंच करून सगळ्यांना दाखवला.

"हे बघा! हात आहे की तवा? ही हात लावते तिथं पाला करपतो!"

सगळे हसले. तीही हसली, नवी होती ना. दुसऱ्या दिवसापासून परात आणली. हात पाण्यात बुडवायचे, फडक्यानं कोरडे करायचे, मगच जुडी उचलायची. ओल्या हातानं पाला चिकट होतो हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. थंडीत बोटं सुजून लाल व्हायची, पण तिनं परात सोडली नाही. एक हात लावला की एक पान मेलं, असं तिला खरंच वाटायचं.

त्या बाजाराची तिला अजून आठवण येते. पत्र्याच्या छपरावर पहाटेचा काळोख बसलेला असायचा. शेजारची उंच बाई सतत नवऱ्याच्या तक्रारी सांगत बसायची आणि मध्येच तिच्या ढिगातल्या चांगल्या जुड्या हळूच स्वतःच्या बाजूला ओढायची. तवाबाईला दिसायचं, पण तक्रारी ऐकायची मजा जायला नको म्हणून ती गप्प बसायची. आणि वजनकाट्यावर तवाबाईचा स्वतःचा नवरा असायचा. वजन सांगताना तो मान वर करायचा नाही, फक्त तिच्या टोपल्या आल्या की करायचा. घरी परतताना तो तिचा हात स्वतःच्या खिशात घालायचा आणि म्हणायचा, "बाजाराला नको असेल तर नको. हा तवा मला हवा आहे, छान गरम." त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. काम सोडून सहा. परात स्वयंपाकघरात आहे, आणि घरची जुडीभर भाजी निवडायलासुद्धा ती आधी हात बुडवते. सवय म्हणायची झालं.

आता भाचीची गोष्ट. भावाची मुलगी, शिकून-सवरून मोठी झालेली, हट्टी म्हणाल तर आत्यावर गेलेली. दोन मैत्रिणींबरोबर तिनं कंपनी काढली होती: भाजी शेतातून दुकानापर्यंत गार ठेवायची, म्हणजे ती वाया जाणार नाही. बाजाराच्या मागच्या अंगाला त्यांनी एक छोटं शीतगृह उभं केलं होतं. पैसे गुंतवणारी मंडळी परवा भेटणार होती. मागच्या भेटीत त्यांच्यातल्या एका बाईनं तिला सरळ सांगितलं होतं, "बाकीची पानं नंतर. समस्या काय आहे ते एका परिच्छेदात लिहून आणा. तो परिच्छेद टिकला तरच पुढं बोलू." म्हणून भाची तीन दिवस आत्याच्या टेबलाशी तोच एक परिच्छेद गिरवत बसली होती.

"आत्या, ऐक ना. तू बाजारातली, तुला कळलं तर कुणालाही कळेल."

"म्हणजे मी मठ्ठ असं म्हणायचंय तुला."

"आत्या!"

"वाच, वाच."

भाचीनं वाचलं, "आम्ही पाहिलेल्या चाळीस गाड्यांत, शंभर किलो पालेभाजीतली अठ्ठावीस किलो गिऱ्हाइकापर्यंत पोचली नाही. याचं मुख्य कारण, बाजारात उघड्या, उबदार हातांनी होणारी अकुशल हाताळणी."

तवाबाईचे हात टेबलावर होते. तिनं ते खाली मांडीवर घेतले.

"बरोबर लिहिलंयस," ती म्हणाली.

भाचीला वाटलं होतं आत्या भांडेल. त्याऐवजी आत्यानं तिला अडत्याची, मनगटाची आणि परातीची गोष्ट सांगितली, अगदी हसत हसत, दुसऱ्या कुणाची असावी तशी. भाचीचा चेहरा उतरत गेला.

"कुणी मोजलं होतं का गं तेव्हा?"

"मोजायचं काय त्यात? मनगट धरलं होतं त्यानं."

"म्हणजे नव्हतं मोजलं." भाची खाली बघत म्हणाली, "मीही नाही मोजलं, आत्या. सगळे तसंच म्हणतात म्हणून लिहिलं. उलट निवडणाऱ्यांना आम्ही तीन आठवडे हातमोजे दिले होते. नासाडी तेवढीच राहिली. ते मी कागदावरून गाळलं."

"का गाळलंस?"

"बसत नव्हतं त्यात."

"वा! म्हणजे माप बसेना म्हणून पायच कापलास. हे शिकलीस का एवढी पुस्तकं वाचून?" तवाबाई चिडली होती. स्वतःसाठी तिनं कधी आवाज चढवला नव्हता, पण काट्यावरच्या माणसाची बायको होती ती, चुकीचं वजन सांगितलेलं तिला सहन व्हायचं नाही. "उद्या पहाटे चल माझ्याबरोबर. आणि तो तुझा काय तो टोचायचा थर्मामीटर घे."

पहाटे पालकाची गाडी आली तेव्हा दोघी माल उतरवायच्या धक्क्यावर उभ्या होत्या. काटा आता विजेवरचा होता, आकडे लाल दिव्यांत उमटत होते. तिसऱ्या खांबाशेजारी कुणी अनोळखी पोरगी बसली होती. ताडपत्री सुटली. अजून एकाही निवडणारीनं मालाला बोट लावलं नव्हतं. ड्रायव्हर सांगत होता की माल काल दुपारी उन्हात कापला, लगेच दाबून भरला, आणि रात्रभर ताडपत्रीखाली बंद होता.

भाचीनं लांब सुईचा थर्मामीटर कडेच्या जुड्यांत खुपसला. पंचवीस. मग ड्रायव्हरच्या मदतीनं वरचे थर बाजूला करून थेट गाडीच्या मधोमध.

आकडा चढत गेला. तीस. तेहतीस. छत्तीसवर थांबला.

"एवढं कसं?" ड्रायव्हरच म्हणाला.

"कापली तरी भाजी जिवंत असते," भाची म्हणाली, "श्वास घेते, आणि त्यात ऊब तयार होते. उन्हाची ऊब होतीच. दाबून भरल्यावर दोन्हीला बाहेर पडायला वाटच राहत नाही." हे ती आधीपासून जाणत होती. पुस्तकातलं होतं. फक्त या गाडीपाशी येऊन तिनं सुई कधी आत घातली नव्हती.

मग तिनं थर्मामीटर पुसला. "आत्या, हात दे."

"माझा कशाला?"

"दे ना."

तवाबाईनं हात पुढं केला खरा, पण बोटं मिटलेली होती. भाचीनं ती उघडली, सुई तळव्यावर ठेवली आणि वर स्वतःचा हात झाकला. एक मिनिट दोघी तशाच उभ्या राहिल्या. मागं हमाल ओरडत होते.

बत्तीस.

"बघ," भाची म्हणाली. "तुझा हात आतल्या भाजीपेक्षा गार आहे. ती तुझ्यापाशी पोचायच्या आधीच तापलेली होती. तेव्हाही असणार."

तवाबाईनं मालातल्या त्या पोकळीत कोपरापर्यंत हात घातला. आत उकडत होतं. ही ऊब तिच्या ओळखीची होती. चाळीस वर्षं रोज पहाटे ढिगात हात घातला की ती बोटांना लागायची, आणि तिला वाटायचं, ही आपलीच.

तिथून तिनं भाचीला शीतगृहाकडं नेलं. भिंतीवरचा थर्मामीटर चार अंश दाखवत होता. भाचीला त्याचा फार अभिमान होता. आत क्रेट भिंतीला चिकटून, एकमेकांना चिकटून, छतापर्यंत रचलेले. काल सकाळचा माल. तवाबाईनं मधल्या क्रेटमध्ये हात घातला आणि नाक मुरडलं.

"अजून कोमट आहे हा."

सुई घातली. एकोणीस. भाचीनं वर पाहिलं. भिंतीवरचा थर्मामीटर पंख्याजवळच होता, तो पंख्याचीच हवा मोजत होता. आणि यंत्र तरी काय करणार? गार माल गार ठेवण्यापुरतं ते होतं. तापलेला माल झटपट निववायची ताकद त्याच्यात नव्हती, आणि हवा जायला क्रेटांमध्ये फटही नव्हती.

"आमची उंच बाई काय करायची माहितेय?" तवाबाई म्हणाली. "माल उशिरा उचलला जाणार असेल तर बूड नसलेल्या दोन टोपल्या एकावर एक ठेवून ढिगाच्या मधोमध उभ्या करायची. ऊब त्यातून वर निघून जायची. आम्ही हसायचो तिला. तिचा माल टिकायचा, आणि आम्ही म्हणायचो, हिचे हात गार आहेत." मग ती म्हणाली, "गेली बिचारी. हे ऐकायला हवी होती. माझ्या जुड्या तेवढ्या चोरायची."

दोघी त्या गारठ्यात उभ्या राहून हसल्या, आणि हसता हसता तवाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला एकाएकी त्या पोरीचं वाईट वाटलं, जी पहिल्याच वर्षी मनगट धरल्यावर सगळ्यांबरोबर हसली होती. तिच्या बाजूनं तेव्हा कुणी थर्मामीटर घेऊन उभं राहिलं नव्हतं. ती स्वतःसुद्धा नाही.

भाची दिवसभर लिहीत होती. भेटीला निघताना तिनं दारात उभं राहून वाचलं:

"आम्ही पाहिलेल्या चाळीस गाड्यांत, शंभर किलो पालेभाजीतली अठ्ठावीस किलो गिऱ्हाइकापर्यंत पोचली नाही. भाजी निवडणाऱ्याचा हात लागण्याआधीच ती तापलेली असते. उन्हात कापून दाबून भरलेल्या गाडीच्या मधोमध आम्ही छत्तीस अंश मोजले. निवडणाऱ्या बाईच्या तळव्यावर बत्तीस. आमच्या स्वतःच्या शीतगृहातही एका दिवसानंतर मधला माल एकोणीस अंशांवर होता. कापणीनंतरच्या पहिल्या काही तासांत मालातली ऊब बाहेर काढली जात नाही, ही समस्या आहे."

"स्वतःची चूकही घातलीस?"

"मोजली होती ना."

तवाबाईनं मान हलवली. "दुसरं वाक्य परत वाच."

भाचीनं वाचलं.

"अजून एकदा."

तिनं पुन्हा वाचलं, सावकाश. मग वाकून नमस्कार केला आणि धावतच जिना उतरली.

संध्याकाळी फोन आला. निर्णय झाला नव्हता. पण पैसे गुंतवणाऱ्या त्या बाईनं बाकीची पानं बाजूला सारून एवढंच विचारलं होतं, की पुढच्या आठवड्यात ती गाडी बघायला येता येईल का.

फोन ठेवून तवाबाईनं पालकाची जुडी घेतली, परात नळाखाली धरून भरली आणि खाली बसली. हात बुडवायला गेली आणि थांबली. उडालेल्या कडेवरचा अंगठा तिनं उचलला. परात उचलून तिनं खिडकीतल्या कुंडीत रिकामी केली आणि कोरड्या हातांनी जुडीची गाठ सोडली. पानं निवडून झाल्यावर तिनं दोन्ही तळवे गालांना लावून पाहिले. गरम होते. नवरा म्हणायचा तसेच, छान गरम.