काळ्यावरून तपकिरी

दोन खुर्च्यांच्या त्या पार्लरमध्ये रंगाचा दर आजवर एकच होता, दीड हजार. केस खांद्यापर्यंत असोत की कमरेपर्यंत! पार्लर चालवणारी धाकटी जाऊ दिवसभर राबायची आणि हाती काही उरायचं नाही. आता तिने ठरवलं होतं, रंगाचे पैसे ग्रॅमवर, वेळेचे तासावर आणि कसबाचे वेगळे. हे जमलं नाही, तर पार्लर बंद.

नव्या दराचं पहिलं गिऱ्हाईक निघाली थोरली जाऊ. घरी लावलेला काळाभोर रंग तिला आता हलका तपकिरी हवा होता.

"चार हजार सहाशे," धाकटी म्हणाली.

"अगं, केस रंगवायचेत, घर नाही!"

"जाऊबाई, काळ्यावर तपकिरी चढत नाही. आधी काळा उतरवायला लागतो. सामान सोळाशेचं, चार तासांचे दोन हजार आणि उतरवण्याच्या कसबाचे हजार."

"घरच्यांनाही?"

"सामान घरचं नाही ना."

थोरलीचं तोंड फुगलं. धाकटीने वाद घातला नाही. काट्यावर तोलून थोडं ब्लीच कालवलं आणि मानेमागची एक बट फॉइलमध्ये गुंडाळली. अर्ध्या तासाने बट धुऊन आरशासमोर धरली. भडक नारिंगी!

"अगंबाई! हे काय गं?"

"काळा उतरला की आधी असंच दिसतं. इथून तपकिरीपर्यंत नेणं हेच माझं काम. दीड हजारात इथवर आणून सोडते. चालेल?"

थोरलीने बटेकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

"सोडतेस कुठली! पुढे ने," ती म्हणाली आणि खुर्चीत नीट सावरून बसली.