गोळ्यावरचा हात

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढलेल्या सहायक बाईंना कॉलेजात मागून सगळे 'ठिणगी' म्हणत. समोर म्हणायची छाती कुणाची नव्हती. कुणी ओल्या हातांनी उपकरणाला हात लावला, तर त्याच्या सात पिढ्या त्या एका दमात मोजत. शिक्षण म्हणाल तर बारावी, तीही दुसऱ्या खेपेला. पण कोणती तार कुठे ढिली होते आणि कोणती काडी कोणत्या कापडावर घासली की चांगली प्रभारित होते, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं.

त्या सोमवारी त्यांच्या हातात मेमो पडला, तो विभागप्रमुखांचा. 'शनिवारच्या प्रात्यक्षिकात विद्युतदर्शी सदोष निघाल्याने विभागाची नाचक्की झाली. देखभालीतील हलगर्जीपणाबद्दल दोन दिवसांत लेखी खुलासा द्यावा. अन्यथा आपली बदली भांडारात करण्यात येईल.'

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हलगर्जीपणा? माझा?"

मेमो आणणारा शिपाई दाराशीच थांबला होता. "सही करून टाका, बाई. मोठ्यांच्या तोंडी कशाला लागता?"

"सही केली म्हणजे कबूल केलं. तू जा बघू, नाहीतर राग तुझ्यावरच निघेल."

शनिवारी झालं ते असं. चाचणी परीक्षेत एक प्रश्न होता: जाड भिंतीच्या, प्रभारहीन धातूच्या गोळ्यात एक पोकळी आहे आणि तिच्यात बिंदुप्रभार ठेवला आहे, गोळ्याबाहेर विद्युत क्षेत्र किती? प्रमुखांच्या उत्तरपत्रिकेत 'शून्य' होतं. वर्गातल्या चार मुली हट्टाला पेटल्या की शून्य नाही. प्रमुख म्हणाले, "भिंत जाड आहे, आतलं आतच राहणार. या, डोळ्यांनी बघा!" आणि त्यांनी पितळी गोळा मागवला. गोळ्याला वरून एक भोक होतं. तो मेणाच्या ठोकळ्यावर ठेवलेला आणि एका तारेनं विद्युतदर्शीला जोडलेला होता. बाईंनी गोळ्यापासून ठोकळ्यापर्यंत सगळं हीटरच्या उबेत वाळवून दिलं होतं.

प्रमुखांनी रेशमी दोऱ्याला टांगलेली प्रभारित धातूची गोटी आत सोडली. गोळा डगमगू नये म्हणून दुसऱ्या हातानं तो घट्ट धरला. विद्युतदर्शीच्या काचेतली सोन्याची पानं, जी प्रभार आला की उघडतात, मिटलेलीच राहिली. "बघा, शून्य!" असं म्हणून त्यांनी हात काढला, गोटी बाहेर ओढली, आणि मिटलेली पानं टणकन उघडली. मुलं हसली. प्रमुख घामाघूम झाले. "यंत्रच बिघडलंय. सांभाळायला माणसं आहेत, पण लक्ष नाही!"

बाई मागे उभ्या होत्या. गोळ्यावरचा प्रमुखांचा हात त्यांनी पाहिला होता. पण भर वर्गात प्रमुखांना अडवायचं नाही, एवढी रीत त्या पाळत आल्या होत्या. आज मात्र त्या रीतीचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला.

घरी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या नवऱ्यानं समजुतीचा सूर लावला. "अगं, भांडारात निदान पंखा तरी आहे. दोन वर्षं राहिलीत नोकरीची."

"अहो, उद्या कुणी म्हणालं की घड्याळ तुम्ही बिघडवलंत, आणि बिघडलेलं नसेलच, तर?"

"तर मी त्याला दाखवीन ते चालू."

"मग मीही तेच करणार," बाई म्हणाल्या आणि ताटावरून उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्या थेट प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्य रसायनशास्त्राचे, भांडणाला भिणारे. "बाई, एक वाक्य लिहा, 'पुढे काळजी घेईन'. विषय संपला."

"सर, मी घेतलेली काळजी ज्यानं खोटी ठरवली, त्याला आधी प्रयोगशाळेत बोलवा. पाच मिनिटं पुरे."

प्रमुख आले ते कपाळाला आठ्या घालूनच. प्राचार्य एका स्टुलावर बसले. बाईंनी गोळा ठोकळ्यावर मांडला, तार लावली आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधले. "सर, गोटी तुम्हीच सोडा. पण गोळ्याला हात लावायचा नाही. भिंतीला गोटीही टेकवायची नाही."

प्रमुखांनी गोटी सोडली. पानं उघडली.

"हे बिघडलंय म्हणूनच," प्रमुख म्हणाले.

"बरं, गोटी डावीकडे न्या, भिंतीच्या जवळ. आता उजवीकडे."

गोटी आत इकडची तिकडे झाली. पानं तसूभरही हलली नाहीत.

"बिघडलेलं यंत्र एवढं शहाणं असतं होय, सर?" बाईंचा आवाज चढला. "गोळ्यावर मुळात काही नव्हतं. आतल्या प्रभारानं आपल्या विरुद्ध जातीचा तेवढाच प्रभार आतल्या भिंतीवर ओढून घेतला. धातूच्या पोटात क्षेत्र शून्य, मान्य! पण ओढून घेतलेल्याचा जोडीदार कुठे जाईल? तो बाहेरच्या पृष्ठभागावर आलाच की. आत गोटी कुठेही असो, बाहेर तो गोळ्यावर सगळीकडे सारखाच पसरतो. भिंत जाड असो नाहीतर पातळ, बाहेर क्षेत्र असतंच, आणि ते मध्यावर ठेवलेल्या बिंदूचं असावं तसं असतं."

"मग शनिवारी शून्य कसं आलं?" प्राचार्यांनी विचारलं. त्यांना आता खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सर, तुम्हीच हात लावा गोळ्याला."

प्राचार्यांनी एक बोट टेकवलं. पानं मिटली.

"तुमच्या अंगातून बाहेरचा प्रभार जमिनीत गेला. शनिवारी यांचा हात पहिल्यापासून गोळ्यावर होता. आता बोट काढा आणि मग गोटी बाहेर घ्या. उलट्या क्रमानं नको."

बोट निघालं, तरी पानं मिटलेलीच. गोटी बाहेर आली आणि ती परत उघडली.

"आतल्या भिंतीवर अडकलेला प्रभार आता मोकळा होऊन बाहेर आला. शनिवारी मुलांनी पाहिलं ते हेच. यंत्र खरं बोलत होतं, म्हणून माझ्यावर मेमो!"

प्रमुख काचेकडे टक लावून बघत होते. "हे... लक्षात यायला हवं होतं," ते पुटपुटले.

"चला, झालं तर," प्राचार्य उठले. "मुलींचे गुण द्या, आणि बाई, तुम्ही तो कागद फाडून टाका."

"फाडणार नाही, सर. मेमोला जावक क्रमांक आहे, तो माझ्या सेवापुस्तकात चिकटणार. लेखी आलाय, लेखीच परत जायला हवा."

"अहो, किती ताणाल?"

"सव्वीस वर्षं काचा पुसल्या मी. मला हलगर्जी म्हणायला यांना एक ओळ लागली. खोडायलाही एकच लागेल."

प्रमुखांनी पेन काढलं. स्टुलावरच कागद ठेवून लिहिलं, 'गैरसमजुतीतून दिलेला मेमो रद्द.' बाईंनी वाचलं आणि कागद परत सरकवला.

"गैरसमज कुणाचा, सर? माझा तर नव्हता. 'माझ्या चुकीने' लिहा."

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. प्रमुखांनी आधीचा शब्द खोडला, वर नवे दोन शब्द लिहिले आणि सही केली.

बाईंनी कागदाची घडी घातली. आभार मानायचं त्यांच्या मनात आलंच नाही. "आणि शनिवारच्या वर्गाला तुम्हीच सांगा, हाताचं," त्या म्हणाल्या आणि दिव्याच्या उजेडात पितळी गोळ्यावरचे बोटांचे ठसे रागारागानं पुसायला लागल्या.