रोह्याच्या शेठचा हिशेब

सहा मूर्तींचे नऊशे रुपये. एवढ्यासाठी रोह्याच्या शेठने चारचौघांत मला खोटी ठरवलं होतं, आणि आता त्याच माणसाला मी गोडीचं पत्र लिहावं असं सासऱ्यांचं म्हणणं होतं.

पेणला आमचा गणपतीचा कारखाना. लग्न होऊन आले तशी वह्या आणि माल भरणं माझ्याकडे आलं. प्रत्येक मूर्ती पेंढ्यात बसवण्याआधी सोंड, हात, कान मी स्वतः बघत असे. रोह्याच्या शेठचा टेम्पोही मीच भरला होता. उतरवून घेताना ड्रायव्हरला घाई होती, म्हणून शेठने चलनावर ‘पेंढा सोडून पाहिलेला नाही’ असं लिहून सही केली. दोन दिवसांनी निरोप आला की सहा मूर्ती दुखावलेल्या निघाल्या, पैसे कापून घेतो.

आमची रीत अशी, की मूर्ती दुखावली तर कळवायचं. माणूस माती-रंग घेऊन जातो आणि तिथंच जोडून देतो. शेठने कळवलंच नाही. गिऱ्हाइकांच्या तोंडावर भंगलेला गणपती दुकानात ठेवायचा कसा, म्हणून त्याच संध्याकाळी सहाही कुंडलिकेत सोडल्या म्हणे. आता नदीत विरघळलेली माती कोण तपासणार? वर बाजारात सांगत सुटला की कारखान्याची सून आंधळ्यासारखी माल भरते. चोर तो चोर, वर शिरजोर.

माघी गणपती झाले, पुढच्या ऑर्डरींचे दिवस आले आणि सासरे म्हणाले, “लिव गो. नऊशे सोडले म्हनून लिव. जुना माणूस हाय.”

जुना तर होताच. दाराजवळच्या पहिल्या फळीवर खडूने त्याचं नाव असे, त्या फळीवरचा माल दुसऱ्या कुणाला दाखवतसुद्धा नसत.

“सोडले म्हणजे मूर्ती मीच फुटक्या भरल्या असं होतं, मामंजी.”

“तसं लिवू नको मंग. पन लिव.”

मी रागारागाने लिहिलं. बिल अमुक, त्यातले नऊशे वादात आहेत. आपलं म्हणणं आम्हाला मान्य नाही. आमच्याकडून माल शाबूत निघाला. तरीही जुन्या संबंधांखातर ही रक्कम आम्ही सोडत आहोत. आपलं खातं पूर्ण झालं, उभयतांचं येणं-देणं नाही. हा पुढच्यासाठी पायंडा समजू नये. सासऱ्यांनी ऐकून घेतलं, ‘मान्य नाही’ पुन्हा वाचायला लावलं, पण काढायला सांगितलं नाही. वहीत नऊशे रुपये सूट म्हणून वटाव खात्याला टाकून शेठचं खातं निरंक करायचं, ते मात्र त्याची सही आल्यावर, एवढं मी ठणकावून सांगितलं. टपालाने पाठवलं असतं तर सहीची प्रत कधीच परत आली नसती, म्हणून एसटीने स्वतःच गेले.

शेठने पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं. बस म्हणाला नाही.

“म्हंजे मी खोटा आन तुमी दानशूर, असाच ना?”

“सही करा शेठ. नाहीतर नऊशे द्या.”

त्याने माझ्या प्रतीवर सही केली आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘मूर्ती फुटक्या आल्या, म्हणून पैसे सोडले.’

माझं डोकं फिरलं. प्रत त्याच्यापुढे परत सरकवली आणि म्हटलं, “ही ओळ खोडा. नाहीतर पत्र मी परत नेते, नऊशे तुमच्या नावावर तसेच राहतील आणि बाकी फिटेपर्यंत आमच्याकडून माल निघणार नाही.”

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती बघायला लागली. शेठने ओळ खोडली, खोडलेल्या जागी पुन्हा सही केली आणि प्रत माझ्या अंगावर टाकल्यासारखी फेकली. “सासऱ्याला सांग, औंदा माल दुसरीकडून उचलतो. बाईमाणसाची ही मिजास मना नाय चालायची.”

परतीच्या गाडीत नागोठण्यापर्यंत मी शेठला शिव्या घालत होते, पुढे स्वतःला. तेलही गेलं, तूपही गेलं. गोडीचं पत्र द्यायला गेले आणि घरातलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक घालवून आले. सासरे आता काय म्हणतील?

कारखान्यात पोचले तशी त्यांनी प्रत हातात घेतली. शेठचा निरोप मी शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी त्या खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

“काय लिवला व्हता हिकडं?”

मी सांगितलं.

ते उठले. रंगाचं ओलं फडकं घेतलं, दाराजवळच्या फळीकडे गेले आणि शेठचं नाव पुसायला लागले. वर्षानुवर्षं गिरवलेला खडू, लवकर निघेना. मी म्हटलं, द्या, मी पुसते.

“तू वही लिव,” ते म्हणाले. “नऊशे वटावाला टाक. माज्या सुनेनं भरलेला माल फुटका म्हनतो भडवा.”